डबे कुठून काढायचे: शांतीनगर, कुर्टी की कवळे?

*ताई, आम्ही गेल्या वर्षी सावंतवाडीहून फोंड्याला आलो. नवरा बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. मला घरून जेवणाचे डबे सुरू करायचे आहेत. बेतोड्यातले आणि तिस्काजवळच्या ऑफिसांतले मिळून २८ डबे तोंडी ठरलेत, डब्याला ९० रुपये. चतुर्थीला नेवऱ्या आणि लाडूही करीन म्हणते. आताची जागा एका खोलीची, म्हणून तीन जागा पाहिल्या. शांतीनगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, भाडं १२,०००. कुर्टीत तळमजल्याचं सुटं घर, विहीर आहे, भाडं ९,०००. कवळ्यात देवळाजवळ जुनं मोठं घर, भाडं ७,०००. तिथे मालकांपैकी एक भाऊ राहतो, बाकीचे मुंबईला. सासूबाई म्हणतात, स्वस्त आहे ते घे. परवान्याचं विचारलं तर कुणी म्हणतं एफएसएसएआय काढलं की झालं, कुणी म्हणतं पालिकेचा लागतो, कुणी म्हणतं घरच्या धंद्याला काहीच लागत नाही. अनामत द्यायची वेळ आली आहे. काय करू?*

*— एक गृहिणी, फोंडा*

अनामत अजून हातातच असेल तर आठ दिवस ती तिथेच राहू द्या. तुमच्या प्रश्नात जागा आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, पण खरं तर ती एकच गोष्ट आहे. खाण्याच्या धंद्यातला परवाना माणसाला मिळत नाही, स्वयंपाकघराला मिळतो. अर्जावर नाव तुमचं असतं, पण तपासायला येणारा माणूस ओटा, मोरी, पाणी आणि घर क्रमांक बघतो. उद्या घर बदललं की पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं. म्हणून गिऱ्हाईक कुठे आहे हे नंतर पाहा. आधी कुठल्या घराचे कागद आणि कुठल्या घराची मोरी तुमचा धंदा पेलेल ते पाहा. गिऱ्हाइकाकडे स्कूटर जाते. मोरी मात्र जिथे आहे तिथेच राहते.

तिन्ही लोक तुम्हाला अर्धं अर्धं खरं सांगतायत. अन्न विकायचं तर, मग ते घरातून का असेना, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी, म्हणजेच एफएसएसएआय, हवीच. ‘घरच्या धंद्याला काहीच लागत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पण ती नोंदणी म्हणजे तुमच्या अन्नाची नोंद झाली. त्या घरात धंदा करायला हरकत नाही, हे सांगण्याचा अधिकार त्या घराच्या स्थानिक संस्थेचा असतो, म्हणजे नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा. आणि सांडपाणी, कचरा, दुर्गंधी यांबद्दल तक्रार आली तर गोवा सार्वजनिक आरोग्य कायदा, १९८५ खाली त्या भागाचे आरोग्य अधिकारी येतात. असे तीन दरवाजे आहेत आणि तिन्हींवर एकच पत्ता लिहायचा आहे.

आता तुमच्या तीन जागांकडे वळू. शांतीनगर फोंडा नगरपालिकेत येतं. कुर्टीचा कारभार कुर्टी-खांडेपार पंचायतीकडे आणि कवळ्याचा कवळे पंचायतीकडे. मात्र फोंड्यात शहराची हद्द कुठे संपते आणि पंचायत कुठे सुरू होते हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘फोंडा’ असतं, टपालाच्या पत्त्यात ‘फोंडा’ असतं आणि घर मात्र पंचायतीत असतं. घरमालकाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, त्याच्याकडून चालू वर्षाची घरपट्टीची पावती मागून घ्या. पावती ज्यांनी फाडली त्यांच्याकडेच तुमचा अर्ज जाणार. हा एक कागद पाहिला की निम्मा गोंधळ मिटतो.

त्याच पावतीवर आणखी दोन गोष्टी पाहा, घर क्रमांक आणि नाव. हे मी स्वतः पोळल्यावर शिकले. म्हापशात मी फराळाचं काम सुरू केलं तेव्हा घरपट्टीवर घर क्रमांक एक होता आणि वीजबिलावर दुसराच, पूर्वीच्या वाटणीच्या आधीचा. मी भाडेकरारात वीजबिलावरचा क्रमांक घातला, कारण तोच कागद हाताशी होता. अर्ज परत आला. मालक दुरुस्ती करून देतो म्हणाला आणि त्यात दसरा, दिवाळी दोन्ही निघून गेली. तेव्हा घरपट्टी, वीजबिल आणि भाडेकरार हे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि घर क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतो का ते बोट ठेवून वाचा. ‘२१४’ आणि ‘२१४/अ’ ही सरकारी कागदावर दोन घरं असतात. क्रमांक जुळत नसेल तर दुरुस्ती मालकाने करायची आणि ती तुम्ही अनामत देण्याआधी व्हायला हवी.

नावाचा प्रश्न कवळ्याच्या घरात येणार आहे, आणि म्हणून सासूबाईंचा मान राखूनही मी तुम्हाला ते घर घेऊ नका म्हणते. घर मोठं असेल, अंगण असेल, देवळाच्या घंटेचा आवाज येत असेल, सगळं खरं. पण गोव्यातल्या जुन्या घरांचं दुखणं असं की घरपट्टी आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली असतात आणि वारसांची वाटणी, ज्याला इथे सगळे इन्व्हेंटरी म्हणतात, ती झालेलीच नसते. आपल्याकडच्या वारसा कायद्यात मुलगे, मुली, आणि बहुतेक वेळा त्यांचे नवरे-बायकासुद्धा त्या घराचे वाटेकरी असतात. तिथे राहणारा भाऊ चांगला माणूस असेल आणि तो ना हरकत लिहूनही देईल. पण मुंबईच्या भावाने किंवा बहिणीने पंचायतीत एक अर्ज टाकला, की आमच्या सामाईक घरात आमची संमती न घेता धंदा सुरू आहे, तर तुमचा अर्ज तिथेच अडकतो. त्यात तुमची काही चूक नसते आणि तुमच्याकडे उपायही नसतो. देवळाच्या आसपासच्या घरांत आणखी एक शक्यता असते. घर मुंडकारी असतं आणि जमीन देवस्थानची किंवा भाटकाराची. अशा घरात धंद्याची परवानगी मागणं म्हणजे दुसऱ्याच्या भांडणात भांडीकुंडी घेऊन बसणं. सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्यांची ना हरकत मिळत असेल तर विचार करा. नाहीतर महिन्याला वाचणारे २,००० रुपये विसरून जा.

या २,००० चा हिशेबही करून दाखवते. महिन्याला २५ दिवस धरले तर २८ डब्यांचे ७०० डबे होतात. कुर्टी आणि कवळे यांच्या भाड्यातला फरक डब्यामागे तीन रुपयांपेक्षाही कमी पडतो. शांतीनगर आणि कुर्टी यांच्यातला ३,००० चा फरक सव्वाचार रुपयांच्या आसपास येतो. कवळ्याहून रोज फोंड्यात येऊन पुढे बेतोड्याला जायचं तर ते तीन रुपये पेट्रोलमध्ये जातात, आणि भात तेवढा जास्त वेळ स्कूटरवर राहतो. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या खाली कोमट राहिलं की जंतूंना ते घरच वाटतं, आणि आपल्या गोव्याच्या हवेत भात-आमटी फार पटकन बिघडते. साडेअकराला भरलेला डबा साडेबाराला उघडला जावा, असं अंतर धरा.

आता राहिली शांतीनगर आणि कुर्टी. कागदाच्या बाजूने फ्लॅट सोपा वाटतो. इमारतीला वापर दाखला असतो, क्रमांक स्वच्छ असतो, मालक एकच असतो. पण फ्लॅट राहण्यासाठी मंजूर झालेला असतो आणि सोसायटीचे नियम तेच सांगतात. मालकाची ना हरकत घेतली तरी सोसायटीचीही घ्यावी लागते, आणि ती द्यायची की नाही हे शेजारी ठरवतात. सकाळी सहाला फोडणी, आठला सुंगटं किंवा बांगडे तळायला, असं रोज झालं की जिन्यात वास राहतो. मासे खाणाऱ्यालासुद्धा दुसऱ्याच्या तळणीचा वास रोज सकाळी नको असतो. दुसरी अडचण गॅसची. घरगुती लाल सिलिंडर, १४.२ किलोचा, फक्त घरच्या स्वयंपाकासाठी आहे. विकायच्या डब्यांसाठी तो वापरणं नियमाबाहेरचं आहे, आणि आग लागली तर विम्यावाला पहिला प्रश्न हाच विचारतो. तुम्हाला व्यावसायिक जोडणी घ्यावी लागेल, १९ किलोची. भरलेला तो सिलिंडर टाकीसकट पस्तीस किलोच्या वर जातो. दुसऱ्या मजल्यावर तो कोण चढवणार, आणि बंद बाल्कनीत तो ठेवला तर गळलेला गॅस कुठे जाणार? हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, खाली साचतो. तळमजल्याच्या घरात सिलिंडर मागच्या पडवीत ठेवता येतो, वारा खेळता असतो.

म्हणून माझा कल कुर्टीच्या घराकडे आहे. बेतोडा तिथून जवळ आणि तिस्कही फार लांब नाही. पण ‘कल आहे’ म्हटलं, ‘घ्या’ म्हटलं नाही. त्या घरात दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि त्या तपासायला आत्ताचे पावसाचे दिवस सगळ्यात चांगले आहेत.

पहिली गोष्ट सांडपाणी. अशा सुट्या घराला बहुतेक वेळा गटारजोडणी नसते, मागच्या बाजूला शोषखड्डा असतो, सगळे त्याला सोकपिट म्हणतात. चार माणसांच्या अंघोळीला आणि भांड्यांना तो पुरतो. तुम्ही त्यात रोज ३० माणसांच्या स्वयंपाकाची भांडी, तांदळाचं धुवण आणि तेलकट पाणी घालणार. पावसात भोवतालची जमीन आधीच पाण्याने भरलेली असते, खड्डा पाणी शोषत नाही आणि मग ते उलटं फिरतं. म्हापशातल्या माझ्या पहिल्या घरात हे आषाढात झालं. मोठं पातेलं मोरीत ओतलं की न्हाणीघरातल्या जाळीतून आधी बुडबुडे यायचे, मग करडं पाणी. दोन दिवसांनी ते कुंपणाबाहेर शेजाऱ्यांच्या तुळशीपाशी पोचलं. तक्रार झाली, तपासणी झाली आणि ऐन मोसमात मला तीन आठवडे चूल बंद ठेवावी लागली. शेजारीण वाईट नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तेव्हा दोन-तीन दिवस सलग पाऊस पडला की कुर्टीला जा. मालकाला आधी सांगून जा आणि दोन बादल्या पाणी एकदम मोरीत ओता. पाणी भोवरा करून सरळ गेलं तर ठीक. ते रेंगाळलं, गुळगुळ आवाज आला किंवा दुसऱ्या जाळीतून बुडबुडे दिसले तर खड्डा भरलेला आहे. मग मागच्या बाजूला जाऊन जमीन पाहा. एकाच ठिकाणी गवत जास्त हिरवं आणि पायाखाली मऊ लागत असेल तर पाणी तिथे वर येतंय. शेजारच्या घरी सहज पाणी मागा आणि विचारा, पावसात वास येतो का. मालकापेक्षा शेजारी खरं सांगतात. खड्डा उपसून, दगड बदलून घेण्याचं काम मालकाचं. ते करारात लिहून घ्या. आणि तुमच्या बाजूने एक नियम ठेवा, तेल मोरीत कधीही जाणार नाही. भांडी आधी रद्दी कागदाने पुसायची, मग मोरीखाली एक खोल बादली ठेवून धुवण तिच्यात थोडा वेळ निवू द्यायचं, वर आलेला तेलाचा थर काढून मगच पाणी सोडायचं. तळणीचं उरलेलं तेल झाकणाच्या डब्यात साठवायचं. दिवसाला पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्यावर सगळा धंदा उभा राहतो.

दुसरी गोष्ट विहीर. गोव्यात विहीर म्हणजे श्रीमंती, पण सोकपिट आणि विहीर एकाच अंगणात असतील तर त्यांच्यातलं अंतर मोजा. भारतीय मानकात पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा १८ मीटर तरी दूर असावा असं सांगितलं आहे. साधारण पंचवीस पावलं धरा. अंगण लहान असेल तर ते बसणार नाही. अशा वेळी विहिरीचं पाणी लादी धुवायला वापरा आणि स्वयंपाकाला नळाचंच घ्या. विहिरीचं पाणी शिजवायला वापरणार असाल तर प्रयोगशाळेचा अहवाल हवा, आणि त्यात एकच ओळ आधी शोधा: १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही असता कामा नये. मे महिन्यातला जुना अहवाल चालवू नका. पावसात विहिरीत वरचं पाणी उतरतं, तेव्हाचा नमुना द्या. नळाचं पाणी असेल तरी टाकीचं झाकण उघडून आत पाहा. अर्धी उघडी टाकी आणि तळाला गाळ असं बऱ्याच भाड्याच्या घरांत दिसतं.

घर या दोन परीक्षांत उतरलं तर कागदांकडे वळा. सगळ्यात आधी पंचायतीत जा, पण हातात छापील अर्ज घेऊन धंद्याचं मोठं नाव सांगू नका. तुमचं काम काय आहे ते साध्या मराठीत एका पानावर लिहून न्या. त्यात हे असावं: घरातल्या दोन व्यक्ती स्वयंपाक करतात, बाहेरचा कामगार नाही, दिवसाला ३० पर्यंत डबे, गिऱ्हाईक घरी येत नाही, डबे स्कूटरवरून पोचवले जातात, बसून जेवायची सोय नाही, पाटी लावणार नाही. ‘हॉटेल’ किंवा ‘केटरिंग’ हा शब्द लिहिला की समोरच्याच्या डोळ्यांसमोर गाड्या, गर्दी आणि कचऱ्याचा ढीग उभा राहतो आणि तो त्याच हिशेबाने कागद मागतो. खरं काय आहे तेवढंच लिहा, पण ते आकड्यांत लिहा. सोबत घरपट्टीची पावती, मालकाची ना हरकत, करार आणि ओळखपत्र जोडा. पंचायतीत परवाना बहुतेक वेळा बैठकीत ठरावाला येतो, म्हणून सचिवांना पुढच्या बैठकीची तारीख विचारा आणि अर्ज त्याआधी पोचवा. शांतीनगर घ्यायची वेळ आली तर हाच कागद नगरपालिकेत जाईल. दोन्हीकडे एक सवय ठेवा, अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. ‘ठेवून जा, बघू’ म्हणून ठेवलेला अर्ज दोन महिन्यांनी शोधायला गेलं की तो कधी आलाच नव्हता असं कळतं.

आरोग्य केंद्राचा दाखला पंचायत मागेल तेव्हा घाबरून जाऊ नका. येणारे निरीक्षक काय पाहतात ते सांगते, म्हणजे तयारी होईल. ओट्याच्या वरची भिंत धुता येते का, खिडकीला माशा अडवणारी जाळी आहे का, कच्ची मासळी आणि शिजलेलं अन्न वेगळं ठेवलंय का, ओला कचरा झाकलेल्या बादलीत आहे का, आणि संडासाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडत नाही ना. हे शेवटचं तुमच्या हातात नसतं, म्हणून घर पाहतानाच पाहा. जुन्या घरांत मागाहून बांधलेला संडास नेमका मागच्या पडवीत, चुलीशेजारी आलेला असतो. शिवाय तुम्ही आणि तुम्हाला मदत करणारी व्यक्ती, दोघांचा डॉक्टरांचा दाखला घेऊन ठेवा. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी आणि विषमज्वराची लस हे अन्न सुरक्षेच्या नियमातच आहे.

आता एफएसएसएआय. तुमची उलाढाल पाहू. ७०० डबे गुणिले ९० म्हणजे महिन्याला ६३,००० आणि वर्षाला ७,५६,०००. त्यात चतुर्थी-दिवाळीचे लाखभर धरले तरी साडेआठ लाखांच्या आसपास. २०११ च्या मूळ नियमावलीत १२ लाखांपर्यंतच्या छोट्या धंद्याला मोठा परवाना न मागता साधी नोंदणी ठेवली होती, शुल्क वर्षाला १०० रुपये. अर्ज `foscos.fssai.gov.in` या एकाच सरकारी संकेतस्थळावर करायचा. हे नाव टंकताना जपा. शोधून काढायला गेलात तर तशाच रंगाची, तसाच बोधचिन्हासारखा शिक्का लावलेली खासगी पानं वर येतात आणि शंभर रुपयांच्या कामाचे दोन-तीन हजार घेतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी `gov.in` असतं, तेवढं पाहा. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. पंचायतीचा दाखला हातात असेल तर तोही जोडा, काम सोपं होतं.

अर्जात धंद्याचा प्रकार निवडताना डब्यांसाठी घरगुती खानावळ किंवा डबेवाल्याचा प्रकार आहे, तो घ्या. चतुर्थीच्या नेवऱ्या-लाडू तुम्ही पाकिटात घालून विकणार असाल तर ते उत्पादनात मोडतं. तेही त्याच अर्जात नोंदवा. अर्ज गेल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची सूचना द्यायची, असा नियम आहे. तपासणी ठरली तर ती तीस दिवसांत व्हायला हवी. अडलं तर गोव्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाचं संचालनालय बांबोळीला आहे, तिथे अर्ज क्रमांक घेऊन गेलात तर काय अपुरं आहे ते कळतं. नोंदणी झाली की १४ आकडी क्रमांक मिळतो. साध्या नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. तुम्ही महिन्याचं हिशेबाचं कार्ड देणार असाल तर त्यावरही तो घाला.

नोंदणी एकदम जास्त वर्षांची घेता येत असेल तर सगळे तेच सुचवतात. तुम्ही मात्र पहिल्यांदा एकाच वर्षाची घ्या. तुमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा असणार, आणि मी वर म्हटलं तसं क्रमांक त्या घराला चिकटलेला आहे. मालकाने पुढच्या वर्षी घर मागितलं तर उरलेल्या वर्षांचं शुल्क आणि छापलेली कार्डं दोन्ही वाया. दुसऱ्या वर्षी मालकाशी सूर जुळला असेल तर करारच तीन वर्षांचा करा आणि नोंदणीही तेवढी घ्या.

नेवऱ्यांबद्दल एक वेगळा शब्द. यंदा चतुर्थी फार लांब नाही. तोवर सगळे कागद हातात येतील असं धरून पाकिटांची छपाई करू नका. पाकिटावर पदार्थाचं नाव, वापरलेले जिन्नस जास्तीपासून कमीपर्यंत, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, वजन, बांधणीची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, तुमचं नाव-पत्ता आणि तो १४ आकडी क्रमांक लागतो. क्रमांक येण्याआधी छापलेली पाकिटं फेकावी लागतात. शिवाय ओल्या खोबऱ्याची नेवरी आणि सुक्या खोबऱ्याची नेवरी यांचे टिकायचे दिवस अगदी वेगळे. ओल्याची दोन दिवसांतच आंबूस होते आणि पावसाच्या दमट हवेत त्याहूनही लवकर. पहिल्या वर्षी पाकिटासाठी सुकं खोबरं, खसखस आणि रवा असलेलीच करा, आणि दहा नेवऱ्या घरीच डब्यात ठेवून रोज एक फोडून वास घ्या. कितव्या दिवशी खवट लागते ते लिहून ठेवा आणि त्याच्या निम्मे दिवस पाकिटावर घाला.

अनामतीचं आता शेवटी. कुर्टीच्या मालकाला एक महिन्याचं भाडं देऊन पावतीवर दोघांच्या सहीने एवढं लिहून घ्या: ‘सदर घरात घरगुती जेवणाचे डबे तयार करण्यास माझी हरकत नाही. पंचायतीने किंवा आरोग्य खात्याने जागेच्या कारणास्तव परवानगी नाकारल्यास उर्वरित अनामत देणे बंधनकारक राहणार नाही व दिलेली रक्कम परत केली जाईल. सोकपिटाची दुरुस्ती मालक करील.’ घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या घ्या. मालक एवढं लिहून द्यायला तयार नसेल तर शांतीनगरच्या मालकाला आणि सोसायटीच्या अध्यक्षांना हाच मजकूर दाखवा, आणि तिथे आधी फक्त शाकाहारी डब्यांची परवानगी मागा. तेव्हा बांगडा आठवड्यातून दोन दिवस सासूबाईंकडे तळायचा असं करू नका, कारण त्यांच्या स्वयंपाकघराचा पत्ता तुमच्या नोंदणीवर नसेल. मासळीचे डबे हवे असणाऱ्यांना तोवर सोलकढी आणि मुगागाठीवर थांबायला सांगा. बेतोड्याचे तुमचे बहुतेक लोक थांबतील. त्यांना घरचं जेवण हवं आहे म्हणून ते तुमच्याकडे आलेत.

पुढच्या पावसाच्या उघडिपीची वाट न पाहता, पाऊस चालू असतानाच कुर्टीला जाऊन या. दोन बादल्या पाणी ओतलंत की काय दिसलं ते मला कळवा.